बोनाफाईड आणि चारित्र्याचा दाखला : कोणता कागद काय सांगतो, कुठे काय मागतात

ताईंनो, गेल्या दोन महिन्यांत गटांच्या बैठकांना फिरताना मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला गेला. "मॅडम, शाळेतून दाखला आणला, तरी परत पाठवलं. आता कुठला दाखला आणू?" दाखला हा शब्दच असा आहे की त्यात सगळं मावतं. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला. त्यात बोनाफाईड आणि चारित्र्याचा दाखला या दोन कागदांचा गोंधळ सगळ्यात जास्त होतो, कारण हे दोन्ही शाळा-कॉलेजातून मिळतात, दोन्हीवर मुख्याध्यापकांचीच सही असते, आणि काही शाळा तर दोन्ही एकाच छापील कागदावर देतात. म्हणून या अंकात एवढ्या दोनच कागदांबद्दल सविस्तर लिहिते.

बोनाफाईड काय सांगतो

बोनाफाईड म्हणजे खरोखरचा, अस्सल. शाळा या कागदावर एवढंच सांगते की अमुक नावाचा मुलगा किंवा मुलगी अमुक शैक्षणिक वर्षात आमच्या शाळेत अमुक इयत्तेत खरंच शिकत आहे, किंवा शिकत होती. बस्स. मुलगी हुशार आहे का, चांगली वागते का, घर कुठे आहे, याच्याशी बोनाफाईडला देणंघेणं नाही.

ही माहिती शाळा मनाने लिहीत नाही. प्रत्येक शाळेत एक जाडजूड जनरल रजिस्टर असतं. मूल शाळेत दाखल होतं त्या दिवशी त्यात त्याची एक ओळ उघडते आणि तिला क्रमांक मिळतो. मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, धर्म, जात, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, सगळं त्या एका ओळीत असतं. बोनाफाईडवर "रजि. नं." म्हणून जो आकडा दिसतो तो हाच. मूल शाळा सोडतं तेव्हा त्याच ओळीवरून शाळा सोडल्याचा दाखला लिहिला जातो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. शाळा सोडल्याचा दाखला मूल शाळेतून बाहेर पडल्यावरच मिळतो आणि मूळ प्रत एकदाच मिळते. मग जे मूल अजून शाळेत शिकतंय त्याच्या जातीच्या दाखल्याला, बँकेला, शिष्यवृत्तीला काय जोडायचं? तिथे बोनाफाईड लागतो. म्हणजे शिकत असलेल्या मुलाचा बोनाफाईड आणि शाळा सोडलेल्याचा शाळा सोडल्याचा दाखला. एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्मे हेलपाटे वाचतात. बोनाफाईड कितीही वेळा मागता येतो, दर कामाला नवा मागता येतो.

आता तो काय सिद्ध करत नाही तेही सांगते. बोनाफाईडवर जन्मतारीख असते, पण तो जन्मदाखला नाही. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टला तर जन्माचा पुरावा म्हणून फक्त जन्म प्रमाणपत्रच चालतं, शाळेचा कुठलाही कागद चालत नाही. तुमच्या नातवंडांची जन्मनोंदणी झाली नसेल तर आत्ताच करून घ्या. बोनाफाईडवर जात असते, पण तो जातीचा दाखला नाही. जातीच्या दाखल्यासाठी तो एक पुरावा आहे, आणि एकटा पुरत नाही. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. तुमच्या पोराचा या वर्षीचा बोनाफाईड तिथपर्यंत कसा पोचणार? त्यासाठी आजोबा-पणजोबा ज्या शाळेत गेले त्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधला उतारा काढावा लागतो. त्याला निर्गम उतारा म्हणतात. आपल्या भागात निम्म्या ताई मराठवाडा, सोलापूर, नगरकडून आलेल्या आहेत. त्यांना हा उतारा गावच्या जिल्हा परिषद शाळेतूनच आणावा लागतो, सांगवीतून मिळत नाही. सुट्टीत गावी जाल तेव्हा हे काम यादीत ठेवा. फक्त शाळा उघडी असेल अशा दिवशी जा.

बोनाफाईड कुठे लागतो

पीएमपीएमएलचा किंवा एसटीचा विद्यार्थी पास, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज, वसतिगृहाचा प्रवेश, बांधकाम कामगार मंडळाची मुलांसाठीची मदत, ही नेहमीची ठिकाणं. यातल्या बांधकाम कामगार मंडळाबद्दल जरा थांबून सांगते, कारण तिथेच अर्ज जास्त परत येतात.

घरातलं कुणी नोंदणी झालेलं बांधकाम कामगार असेल आणि नोंदणी चालू असेल, म्हणजे दरवर्षीचं नूतनीकरण झालेलं असेल, तर पहिल्या दोन मुलांना शाळेसाठी वर्षाला मदत मिळते. पहिली ते सातवीला २,५०० रुपये आणि आठवी ते दहावीला ५,००० रुपये. पण त्याची अट आहे किमान ७५ टक्के हजेरी. आता साध्या बोनाफाईडवर हजेरीचा उल्लेख नसतो! तो फक्त "शिकत आहे" म्हणतो. त्यामुळे बोनाफाईड जोडूनही अर्जात त्रुटी निघते आणि ताईंना वाटतं, शाळेने चुकीचा कागद दिला. कागद बरोबर असतो, पण विचारलेली गोष्ट त्यावर नसते. शाळेकडे अर्ज करतानाच लिहायचं की बांधकाम कामगार मंडळासाठी हजेरीच्या टक्क्यासह दाखला हवा आहे. क्लार्क एक ओळ जास्त लिहितात, काम होतं.

म्हणून माझं नेहमीचं सांगणं: शाळेत जाऊन नुसतं "बोनाफाईड द्या" म्हणू नका. "कशासाठी" ते सांगा. कारण कागदावर "सदर दाखला ... कामी देण्यात येत आहे" अशी ओळ असते. बस पासासाठी घेतलेला दाखला बँकेत दिला तर बँकवाले नाक मुरडतात, आणि त्यांचं चूक नसतं.

कागद हातात आला की शाळेच्या दारातच वाचा. घरी जाऊन नाही, दारातच. मुलाचं नाव आधारवर जसं आहे तसंच आहे का, चालू शैक्षणिक वर्ष लिहिलंय का, जावक क्रमांक आणि तारीख आहे का, गोल शिक्का सहीवर आलाय का. गेल्या वर्षीचा बोनाफाईड जपून ठेवून या जूनमध्ये देऊ नका. इयत्ता बदलली की तो जुना झाला.

आणि नावात किंवा जन्मतारखेत चूक दिसली तर ती बोनाफाईडवर खोडून दुरुस्त होत नाही. चूक जनरल रजिस्टरमध्ये असते. ती मूल त्या शाळेत शिकत असतानाच दुरुस्त करून घेणं सोपं असतं. मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाकडे प्रस्ताव जातो, सोबत जन्म प्रमाणपत्र लागतं. मूल शाळा सोडून गेलं की हेच काम फार अवघड होतं. दहावीचा फॉर्म भरायच्या आधी, म्हणजे मूल आठवी-नववीत असतानाच एकदा बोनाफाईड काढून सगळी अक्षरं तपासा.

चारित्र्याचा दाखला : एक नाव, दोन कागद

आता खरा गोंधळ. चारित्र्याचा दाखला म्हणून दोन अगदी वेगळे कागद चालतात.

पहिला शाळा-कॉलेजचा. मुख्याध्यापक किंवा प्राचार्य लिहितात की ही विद्यार्थिनी आमच्याकडे या वर्षापासून त्या वर्षापर्यंत होती आणि आमच्या माहितीप्रमाणे तिची वर्तणूक चांगली होती. "आमच्या माहितीप्रमाणे" हे शब्द महत्त्वाचे. शाळेने जेवढं पाहिलं तेवढंच शाळा सांगते. शाळा सोडल्यानंतर पाच वर्षांत काय झालं ते शाळेला माहीत नाही, आणि ती तसा दावाही करत नाही. पुढच्या कॉलेजात प्रवेश, वसतिगृह, काही प्रशिक्षण, काही नोकऱ्यांचे अर्ज, इथे हा कागद चालतो. गंमत म्हणजे तुमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "वर्तणूक" असा रकाना असतोच आणि तिथे बहुतेक "चांगली" लिहिलेलं असतं. जिथे फक्त शाळेतल्या वागणुकीबद्दल विचारलंय तिथे आधी हा दाखला दाखवून विचारा, कधी कधी तेवढ्यावर भागतं.

दुसरा पोलिसांचा. त्याचं नाव चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. बोलताना कोणी त्याला पोलीस व्हेरिफिकेशन म्हणतं, कोणी एनओसी म्हणतं, कोणी कॅरेक्टर सर्टिफिकेट. हा पोलीस आयुक्तालयाकडून किंवा ग्रामीण भागात जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून मिळतो. यात पोलीस आपल्या नोंदी तपासतात आणि सांगतात की या व्यक्तीविरुद्ध गुन्ह्याची नोंद आहे की नाही.

इथे मला एक मनातलं बोलायचंय. आपल्याकडे बाईच्या बाबतीत "चारित्र्य" हा शब्द उच्चारला की सगळ्यांचे कान टवकारतात. एका गटात हा विषय काढला तर एक ताई पटकन म्हणाल्या, "माझं चारित्र्य पोलीस कशाला बघतील? मी काय केलंय?" दुसऱ्या ताई नवऱ्यापासून वेगळ्या राहतात. त्यांना वाटत होतं की शेजारी काहीबाही सांगतील आणि दाखला अडेल. ताईंनो, या दाखल्यातलं चारित्र्य म्हणजे गुन्ह्याची नोंद, एवढंच. तुम्ही कोणासोबत राहता, वेगळ्या राहता का, घटस्फोट झालाय का, किती वाजता घरी येता, याचा या प्रमाणपत्राशी संबंध नाही. तुम्ही स्वतः नवऱ्याविरुद्ध किंवा सासरच्यांविरुद्ध तक्रार दिली असेल तर तुम्ही त्या प्रकरणात फिर्यादी आहात, आरोपी नाही. त्या तक्रारीमुळे तुमच्या नावावर गुन्हा लागत नाही. फक्त घरच्या भांडणात दोन्हीकडून तक्रारी झाल्या असतील तर उलट्या तक्रारीत तुमचं नाव आरोपी म्हणून आहे का, ते आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

पोलिसांचा दाखला कोण मागतं

चाकण, भोसरी, तळेगावच्या कंपन्यांत ठेकेदारामार्फत कामाला घेताना हा दाखला सर्रास मागतात. सुरक्षारक्षकाच्या कामाला तर तो कायद्यानेच आला आहे. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात रक्षक ठेवण्याआधी त्याची किंवा तिची पूर्वपार्श्वभूमी तपासणं एजन्सीवर बंधनकारक आहे. रिक्षा-टॅक्सीच्या बॅजसाठी आरटीओ पोलीस पडताळणी बघतं.

आणि आता शाळा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली ती घटना झाली, तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ ला शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. त्यात शाळेत कंत्राटी किंवा बाहेरच्या संस्थेमार्फत येणाऱ्या लोकांची, म्हणजे सुरक्षारक्षक, सफाई कामगार, मदतनीस, स्कूल बसचे चालक, यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यायला शाळांना सांगितलं. आपल्या गटातल्या कितीतरी ताई शाळांत मदतनीस आणि सफाईच्या कामावर आहेत. त्यामुळे अचानक त्यांना हा दाखला का मागतायत, हा प्रश्न येतोय. त्यांच्यावर संशय म्हणून नाही. आपलीच लेकरं त्या शाळेत असतात म्हणून. मला विचाराल तर हा नियम योग्यच आहे. फक्त त्याचा खर्च आणि धावपळ सगळी ताईंच्याच डोक्यावर टाकू नये असं मला वाटतं. पैसे कोण भरणार, हे शाळेला किंवा ठेकेदाराला आधीच विचारा.

सरकारी नोकरीचं जरा वेगळं आहे. तलाठी, पोलीस भरती, जिल्हा परिषद, अशा ठिकाणी निवड झाल्यावर खातंच पोलिसांमार्फत पडताळणी करून घेतं. उमेदवाराला साक्षांकन नमुना नावाचा मोठा फॉर्म भरून द्यावा लागतो. म्हणून भरतीच्या जाहिरातीत लिहिलेलं नसेल तर मुलांनी आधीच पैसे घालून पोलिसांचा दाखला काढून ठेवायची गरज नाही. आणि परदेशी नोकरीला जायचं असेल तर हा दाखला चालत नाही, तिथे पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट घ्यावं लागतं.

एक घर, तीन कागद

एका घराचं उदाहरण घेऊ. असं घर आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. जुनी सांगवीत भाड्याने राहतात. वडील गवंडीकाम करतात, बांधकाम कामगार म्हणून नोंदणी आहे. आईला एका शाळेत मदतनीस म्हणून काम मिळतंय. मोठी मुलगी औंधच्या शासकीय आयटीआयमधून यंदा पास झाली, चाकणच्या कंपनीत निवड झाली आहे. धाकटा आठवीत आहे. जूनच्या एकाच आठवड्यात या घराला तीन ठिकाणांहून निरोप आला : "दाखला आणा."

धाकट्याचं सोपं. बांधकाम मंडळाच्या ५,००० रुपयांसाठी शाळेचा चालू वर्षाचा बोनाफाईड, त्यात ७५ टक्क्यांच्या वर हजेरी असल्याचा उल्लेख. शाळेत अर्ज दिला, काम झालं. यात पोलिसांचा काही संबंध नाही.

मुलीला कंपनीच्या फोनवरून सांगितलं, "कॅरेक्टर सर्टिफिकेट घेऊन ये." ती आयटीआयच्या प्राचार्यांचा दाखला घेऊन चाकणला गेली. सांगवीहून दोन बस बदलून. गेटवर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, हा नाही, पोलिसांचा पाहिजे. एक दिवस गेला, भाडं गेलं. इथे एकच प्रश्न विचारायला हवा होता : "दाखला कोणाच्या सहीचा पाहिजे, प्राचार्यांच्या की पोलिसांच्या?" आणि शक्य असेल तर तसं पत्र किंवा निदान मेसेज मागून घ्यायचा. त्या पत्राचा पुढे पोलिसांच्या अर्जालाही उपयोग होतो, कारण दाखला कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी ते तिथे लिहावं लागतं.

आईचा दाखलाही पोलिसांचाच. म्हणजे मायलेकींचे दोन अर्ज. दोघींचा एकात होत नाही, आणि आईचा शाळेसाठीचा दाखला मुलीच्या कंपनीत चालणार नाही.

अर्ज ऑनलाइन करायचा. महाराष्ट्र पोलिसांचं संकेतस्थळ pcs.mahaonline.gov.in हे आहे. मोबाईल नंबर देऊन खातं उघडायचं. मग आयुक्तालय निवडायचं, आणि इथे सांगवीकरांनी सावध राहायचं. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं वेगळं पोलीस आयुक्तालय सुरू झालं. त्याआधी सांगवी पुणे शहर पोलिसांत होतं आणि चाकण पुणे ग्रामीणमध्ये. अजूनही काही जण सवयीने "पुणे शहर" निवडतात आणि अर्ज चुकीच्या ठिकाणी जातो. सांगवीत राहणाऱ्यांनी पिंपरी-चिंचवड आयुक्तालय आणि सांगवी पोलीस ठाणे निवडायचं. चाकणही आता याच आयुक्तालयात आहे. पण नदीचा पूल ओलांडून औंधला राहत असाल तर तुमचं आयुक्तालय पुणे शहर. आयटीआय कुठे आहे, कंपनी कुठे आहे, ते बघायचं नाही. तुम्ही राहता कुठे, ते बघायचं.

पत्त्याच्या रकान्यात बहुतेक जण अडखळतात. या घराचं आधार कार्ड गावच्या पत्त्याचं आहे आणि राहणं सांगवीत भाड्याने. अशा वेळी सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता वेगवेगळे आणि खरे लिहायचे. सध्याच्या पत्त्यासाठी नोंदणी केलेला भाडेकरार आणि मालकाच्या घराचं वीजबिल जवळ ठेवायचं. घरमालक करार द्यायला टाळाटाळ करतात हे मला माहीत आहे. पण गावचाच पत्ता सध्याचा म्हणून टाकला तर अर्ज गावच्या पोलीस ठाण्यात जातो, आणि तिथले लोक म्हणतात या बाई इथे राहतच नाहीत. मग अर्ज नामंजूर.

फोटो, सही, आधार, वयाचा पुरावा आणि कंपनीचं किंवा शाळेचं पत्र अपलोड करायचं, फी ऑनलाइन भरायची आणि पावती जपायची. त्यावरचा अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा, मोबाईल हरवतो. पुढे पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं. मूळ कागद घेऊन जायचं, विचारतील ते नीट सांगायचं. ठाण्याचा अहवाल आयुक्तालयात गेला की प्रमाणपत्र त्याच संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. भरलेल्या ऑनलाइन फीची पावती मिळते. त्याशिवाय कोणी वेगळे पैसे मागितले तर पावती मागा.

काम आठ दिवसांत सुरू व्हायचं असेल आणि दाखल्याला वेळ लागणार असेल, तर कंपनीला अर्जाची पावती दाखवून मुदत मागता येते. बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर रुजू करून घेतात. शाळेच्या कामाला मात्र पडताळणी झाल्याशिवाय घाई करू नये.

नावावर गुन्हा असेल तर

हा प्रश्न बैठकीत कोणी मोठ्याने विचारत नाही, नंतर बाजूला घेऊन विचारतात. मुलाचं गणपती मिरवणुकीत भांडण झालं होतं, मोर्चात नाव आलं होतं, सोसायटीच्या पाण्यावरून मारामारी झाली होती. आता काय?

पहिली गोष्ट, लपवू नका. फॉर्ममध्ये "तुमच्याविरुद्ध गुन्हा दाखल आहे का" असा प्रश्न असेल तर खरं लिहा. गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, केस चालू आहे की सुटका झाली, हे लिहा आणि कोर्टाच्या निकालाची प्रत जोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या खटल्यात हाच विषय तपासून सांगितलं. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराने दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. माहिती खरी दिली म्हणून नोकरी मिळेलच असं नाही, नोकरी देणाऱ्याला विचार करायचा अधिकार आहे. पण गुन्हा किरकोळ असेल, तरुण वयात घोषणा देण्यासारखा असेल, तर तो सोडून देता येतो. म्हणजे क्षुल्लक भांडणामुळे कदाचित नोकरी वाचेल, पण तेच लपवल्याचं उघड झालं तर गेलेली नोकरी परत मिळवणं फार कठीण. अनेकदा माणूस गुन्ह्यापेक्षा लपवण्यामुळे अडकतो.

दुसरी गोष्ट, "सेटिंग करून देतो" म्हणणाऱ्याकडून दाखला घेऊ नका. बनावट शिक्क्याचा दाखला तपासणीत पकडला जातो, आणि मग तो वापरणाऱ्यावरच गुन्हा होतो. आधी नावावर काही नव्हतं, ते दाखल्यामुळे लागतं.

शाळा दाखला देत नसेल तर

फी बाकी आहे म्हणून कागद अडवल्याच्या तक्रारी येतात. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ मध्ये असं आहे की मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना मुख्याध्यापकांनी दाखला तातडीने द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारायचा नाही. हा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. तोंडी भांडण करून उपयोग नाही. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच हातात असली की पुढे महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात तक्रार करता येते. पोच नसेल तर तिथे पहिला प्रश्न येतो, "अर्ज केला होता का?"

अर्ज कसा लिहायचा हे पुष्कळ ताई विचारतात, म्हणून खाली नमुना देते. वहीत उतरवून घ्या, रिकाम्या जागी आपलं लिहा.

प्रति,
मा. मुख्याध्यापक / प्राचार्य,
............ विद्यालय, ............

दिनांक : ............

विषय : बोनाफाईड दाखला मिळणेबाबत.

महोदय / महोदया,

माझा मुलगा / माझी मुलगी ............ आपल्या शाळेत सन ............ या शैक्षणिक वर्षात इयत्ता ............ तुकडी ............ मध्ये शिकत आहे. जनरल रजिस्टर क्रमांक ............ (माहीत असल्यास). मला ............ या कामासाठी त्याचा / तिचा बोनाफाईड दाखला हवा आहे. दाखल्यावर नाव आधार कार्डाप्रमाणे, जन्मतारीख आणि ............ (हजेरीची टक्केवारी / इयत्ता पहिलीपासूनचा कालावधी / जे लागेल ते) नमूद करावे, ही विनंती.

सोबत : आधार कार्डाची झेरॉक्स, मागणी केलेल्या कार्यालयाचे पत्र (असल्यास).

आपली,
(सही)
पालकाचे नाव व मोबाईल क्रमांक

दोन प्रती न्या. एक शाळेला, दुसरीवर तारखेसह पोच घ्यायची आणि ती घरी ठेवायची.